नाव, बाक आणि दुसरा प्रश्न

इंजिनिअरिंग कॉलेजच्या पहिल्या दिवसाचं वेळापत्रक महाराष्ट्रात कुठंही गेलं तरी साधारण सारखंच असतं. सकाळी दीपप्रज्वलन, प्राचार्यांचं भाषण, विभागप्रमुखांची ओळख, ग्रंथालय आणि प्रयोगशाळांची फेरी, आणि जेवणानंतर वर्गात 'एकेकानं उभं राहून आपली ओळख करून द्या'. पहिल्या बाकापासून सुरुवात होते. 'गुड मॉर्निंग एव्हरीवन, मायसेल्फ अमुक तमुक, आय ॲम फ्रॉम लातूर, माय हॉबी इज प्लेइंग क्रिकेट.' टाळ्या. पुढचा उभा राहतो. एका तुकडीत साठ मुलं धरली आणि प्रत्येकाला अर्धं मिनिट दिलं, तरी अर्धा तास जातो. तो संपल्यावर कुणालाही विचारा, वर्गातल्या पाच जणांची नावं सांग. शेजारच्या मुलाचं नाव येतं, एखादं गमतीशीर बोललेल्या मुलीचं येतं, आणि तिथंच गाडी थांबते.

याचा दोष मुलांच्या स्मरणशक्तीला देऊ नये, लाजाळूपणालाही देऊ नये. दोष आहे तो ओळख करून देण्याच्या पद्धतीत, आणि तो नेमका कुठं आहे हे मानसशास्त्रज्ञांना पन्नास वर्षांपासून माहीत आहे.

माल्कम ब्रेनर या संशोधकानं 1973 साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसं टेबलाभोवती बसलेली, प्रत्येकानं आपली पाळी आली की कार्डावरचा एक शब्द मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. शेवटी सगळ्यांना विचारलं, कोणकोणते शब्द आठवतात? स्वतः वाचलेला शब्द जवळजवळ प्रत्येकाला आठवला. पण आपल्या पाळीच्या आधीचे आणि नंतरचे सुमारे नऊ सेकंदांतले शब्द मात्र बहुतेकांच्या हातून निसटले होते. कान उघडे होते, आवाज पोचत होता, पण मन आपल्या पाळीत गुंतलेलं होतं. पुढच्या प्रयोगांतून असंही दिसलं की हे शब्द आत जाऊन हरवत नाहीत, ते आत जातच नाहीत. त्यामुळे नंतर कितीही आठवायचा प्रयत्न केला तरी फळ मिळत नाही.

ब्रेनरच्या प्रयोगात फक्त एक शब्द वाचायचा होता. आपल्या वर्गात साठ अनोळखी चेहऱ्यांपुढं, बहुधा इंग्रजीत, उभं राहून बोलायचं असतं. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या किंवा तालुक्याच्या मराठी शाळेत शिकलेली मुलगी आपली चार वाक्यं मनात घोकत असते आणि ते घोकणं तिच्या पाळीच्या बरंच आधी सुरू होतं. आपली पाळी झाली की 'मी चुकले का?' हा विचार पुढं बराच वेळ राहतो. म्हणजे तिच्या अलीकडचे चार आणि पलीकडचे चार असे नेमके ज्यांच्याजवळ ती बसली आहे तेच लोक तिच्या लक्षात राहत नाहीत. उद्या ज्यांच्याशी बोलायचं, त्यांचंच नाव तिला माहीत नसतं. नाव माहीत नाही म्हणून हाक मारता येत नाही, आणि एकदा ओळख करून दिल्यावर पुन्हा नाव विचारायला संकोच वाटतो. पहिल्या आठवड्यातली कोंडी बऱ्याचदा एवढ्याशा गोष्टीची असते.

त्यात नाव हा प्रकारच लक्षात ठेवायला अवघड. 1987 साली इंग्लंडमधल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून त्यांची आडनावं आणि व्यवसाय सांगितले. बेकर हे तिथं आडनावही आहे आणि धंदाही. 'हा बेकरीवाला आहे' असं सांगितलं तर चेहऱ्यासोबत ते लक्षात राहिलं. 'याचं नाव बेकर' असं सांगितलं तर तोच शब्द कमी लक्षात राहिला. व्यवसाय म्हटला की भट्टी, पाव, पहाटेचा वास असं बरंच काही मनात जोडलं जातं. नावाला असं काही चिकटत नाही, ते एकटं पडतं. म्हणूनच आपल्याला 'तो कबड्डी खेळणारा, उंच, बीडचा' हे आठवतं आणि नाव मात्र आठवत नाही.

मग करायचं काय? अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनं 2017 पासून पदवीच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर परिचय कार्यक्रम आखून दिला. विद्यापीठ अनुदान आयोगानं 2019 मध्ये 'दीक्षारंभ' या नावानं तशाच कार्यक्रमाची मार्गदर्शिका सगळ्या उच्च शिक्षण संस्थांना दिली. परिषदेच्या आराखड्यात एक गोष्ट फार चांगली आहे, ती म्हणजे मुलांचे साधारण वीस-वीसचे गट करून प्रत्येक गटाला एक मार्गदर्शक शिक्षक नेमणं. प्रॅक्टिकलच्या बॅचही साधारण तेवढ्याच असतात. मला वाटतं, पहिल्या दिवशी साठांची ओळखपरेड बंद करून हा वीसचा गट ओळखीसाठी धरावा, आणि तोही अर्धा करावा.

दहा जण गोल करून बसतात. पहिला आपलं नाव सांगतो. दुसरी आधी पहिल्याचं नाव घेते, मग स्वतःचं सांगते. तिसरा आधीच्या दोघांची नावं घेतो, मग आपलं. अशी साखळी वाढत जाते. हा खेळ शिबिरांत, बालवाडीच्या शिक्षिकांच्या प्रशिक्षणात, एनएसएसच्या कॅम्पमध्ये अनेकांनी खेळलेला असतो आणि मोठी मुलं त्याला पोरकट समजतात. पण लँकेस्टर विद्यापीठातल्या पीटर मॉरिस आणि कॅथरीन फ्रिट्झ यांनी 2000 साली याच खेळाची तुलना दुसऱ्या एका प्रचलित पद्धतीशी केली. त्या पद्धतीत दोघादोघांनी आधी आपसात बोलायचं आणि मग एकमेकांची ओळख सगळ्यांना करून द्यायची. अर्ध्या तासानं, दोन आठवड्यांनी आणि जवळजवळ वर्षभरानंतरही साखळीचा खेळ खेळलेल्यांना जास्त नावं आठवत होती.

यामागचं कारण असं की नाव कानावर पडल्यानं पक्कं होत नाही, ते स्वतःहून आठवून तोंडानं उच्चारल्यानं पक्कं होतं. साखळीत प्रत्येकाला आठवावं लागतं, आणि ज्यांची पाळी नाही तेही मनातल्या मनात पुढचं नाव म्हणून पाहत असतात. दहा जणांच्या गोलात शून्य, एक, दोन असं करत नऊपर्यंत बेरीज केली की पंचेचाळीस वेळा कुणी ना कुणी दुसऱ्याचं नाव मोठ्यानं आठवून घेतं. साठांच्या परेडमध्ये हा आकडा शून्य असतो, कारण तिथं प्रत्येकजण फक्त आपलंच नाव सांगतो. हाच खेळ वीस जणांच्या गोलात खेळलात तर आकडा एकशे नव्वदवर जातो, पण शेवटच्या मुलाला एकोणीस नावं सांगावी लागतात. तो अडखळतो, त्याचे कान लाल होतात, आणि ज्याला मोकळं करायचं त्यालाच आपण सगळ्यांसमोर उभं करतो. म्हणून दहा, फार तर बारा.

मॉरिस आणि फ्रिट्झ यांनी 2002 साली या खेळात एक छोटा बदल सुचवला. नावं पहिल्यापासून न घेता उलट्या क्रमानं, म्हणजे नुकत्याच बोललेल्या माणसापासून मागं मागं घ्यायची. सातवा मुलगा आधी सहाव्याचं, मग पाचव्याचं असं करत पहिल्यापर्यंत जातो. दिसायला किरकोळ, पण याच्या पोटात मोठी सोय आहे. नवीन नाव ऐकल्याबरोबर लगेच एकदा घेतलं जातं, पुढच्या पाळीत ते थोड्या अंतरानं येतं, त्याच्या पुढच्या पाळीत आणखी थोड्या अंतरानं. आठवण्याची मधली वेळ हळूहळू लांबत जाते, आणि नाव टिकायला हेच लागतं. सरळ क्रमात मात्र नवीन नाव आधीची सगळी यादी म्हणून झाल्यावर शेवटी येतं, आणि तोवर ते पुसट झालेलं असतं.

या साखळीत दोन त्रुटी राहतात, त्या आधीच माहीत असाव्यात. शेवटच्या मुलाचं नाव कुणीच घेत नाही, म्हणून गोल पूर्ण झाल्यावर पहिल्या मुलानं सगळी नावं उलटी म्हणून साखळी बंद करावी. दुसरं असं की नाव अडलं तर ज्याचं आहे त्यानं ते लगेच सांगून टाकावं. 'विसरलास ना माझं नाव' म्हणत हसण्याची संधी कुणाला देऊ नये. मार्गदर्शक शिक्षकानं स्वतः त्या गोलात बसावं आणि मुद्दाम मधल्या जागेवर बसावं. सरांचंही नाव अडतं हे दिसलं की गोल सैल होतो. नाव सांगताना पहिलं नाव पुरे. आडनावाची गरज का नाही, ते पुढं येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच गोल दोन मिनिटांत पुन्हा करावा. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं, दुसऱ्या दिवशी दोन, आठवड्याच्या शेवटी एकदा. मग दोन दहांचे गट मिसळावेत. हा खेळ बरोबर झाला की नाही हे ओळखायची खूण सोपी आहे. तिसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मुलं एकमेकांना 'अरे', 'अगं', 'ए भाऊ' म्हणतात की नाव घेऊन हाक मारतात, एवढं पाहावं.

नाव कळलं तरी मैत्री होईलच असं नाही. ती कुणाशी होते, याचं उत्तर पुष्कळदा बाकावर असतं. जर्मनीत लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राच्या चोपन्न नव्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. मित्या बाक, स्टेफान श्मुक्ले आणि बोरिस एग्लोफ हे त्याचे लेखक. पहिल्याच बैठकीत विद्यार्थ्यांच्या जागा चिठ्ठी काढल्यासारख्या, नशिबावर ठरवल्या. एकेकानं उठून थोडक्यात ओळख करून दिली, बाकीच्यांनी तो माणूस कितपत आवडला ते नोंदवलं. त्यानंतर एक वर्ष गेलं. वर्षभर ही मुलं हव्या त्या जागी बसली, हव्या त्या मुलांसोबत फिरली. तरी वर्षाच्या शेवटी विचारलं तेव्हा त्या पहिल्या दिवशी शेजारी बसलेल्यांची मैत्री जास्त घट्ट निघाली, आणि निव्वळ त्याच रांगेत बसलेल्यांचीही इतरांपेक्षा जास्त निघाली. एका बैठकीच्या जागेचा परिणाम वर्षभर टिकला होता.

1992 मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठातल्या रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांनी याच्याही पलीकडचं दाखवलं. चार तरुणींना त्यांनी एका वर्गात विद्यार्थिनी म्हणून पाठवलं. एक कधीच आली नाही, एक पाच तासांना, एक दहा, एक पंधरा तासांना आली. त्यांनी वर्गात कुणाशीही बोलायचं नव्हतं. सत्र संपल्यावर वर्गाला चौघींचे फोटो दाखवले, तर जी जास्त वेळा येऊन गेली तिच्याबद्दल जास्त आपुलकी निघाली. एक शब्द न बोलताही नजरेच्या ओळखीनं काम केलं होतं.

आपल्याकडच्या वर्गात पहिल्या दिवशी जागा नशिबावर ठरत नाहीत, त्या अगदी ओळखीच्या रेषांवर ठरतात. एका ज्युनिअर कॉलेजातून आलेले तिघं एका बाकावर. शहरातल्या सीबीएसई शाळांमधली मुलं पुढं. होस्टेलवर राहायला आलेली, कालच बॅगा टाकलेली मुलं मागं. मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या. लाइपझिगचा निष्कर्ष खरा मानला तर या बसण्यानं वर्षभराची मैत्री त्याच दिवशी आखून दिली जाते. म्हणून पहिल्या आठवड्यात रोज सकाळी चिठ्ठ्यांनी जागा बदलाव्यात असं मी ठामपणे म्हणेन. भांड्यात चिठ्ठ्या टाकायच्या, दारात एकेक उचलायची, बाकाच्या कोपऱ्यात खडूनं आकडा. तयारीला दहा मिनिटंही लागत नाहीत. मुलं कुरकुरतात, ज्यांचे जुने मित्र सुटतात ते जास्त कुरकुरतात. पण दुपारच्या जेवणाला ती आपल्या माणसांकडं जाऊ शकतात, त्यांचं काही हिरावलं जात नाही. आणि कुणी कुणाशी बसायचं नाकारलं, असा अपमानही कुणाच्या वाट्याला येत नाही, कारण निवड कुणी केलेलीच नसते.

याची मर्यादाही सांगायला हवी. शेजारामुळे ओळख सोपी होते, पण आवड-निवड जुळलीच नाही तर शेजार फार दूर नेत नाही. आणि जो माणूस त्रास देतो त्याच्या शेजारी बसवल्यानं त्रास वाढतो, माया वाढत नाही.

आता समजा नाव माहीत झालं, बाकही शेजारचा मिळाला. बोलणं कसं सुरू होतं? मला विचाराल तर ते पहिल्या प्रश्नानं सुरू होत नाही. पहिला प्रश्न सगळ्यांनाच विचारता येतो. बोलणं सुरू होतं दुसऱ्या प्रश्नानं, म्हणजे समोरच्यानं दिलेल्या उत्तरातूनच उचललेल्या प्रश्नानं. ओळखपत्राच्या फोटोसाठी रांग लागलेली आहे. हातात फीची पावती, शाळा सोडल्याचा दाखला, झेरॉक्सचा गठ्ठा.

'कुठून आलीस?'

'परभणीहून.'

'अच्छा.'

इथं दोघी मोबाइल काढतात आणि रांग पुढं सरकते. तीच रांग, त्याच दोघी, पण थोडं वेगळं:

'कुठून आलीस?'

'परभणीहून.'

'मग काल रात्रीच निघाली असशील?'

'हो ना, रात्रीची ट्रॅव्हल्स. पहाटे पाचला हायवेलाच उतरवलं त्यांनी.'

'अगं बाई, एवढ्या सामानासकट? मग इथवर कशी आलीस?'

'पप्पा होते सोबत. रिक्षावाल्यानं दोनशे घेतले. पप्पा अजून गेटबाहेरच बसलेत, दुपारच्या गाडीनं जाणार.'

'जेवलेत का ते? मेसमध्ये पाहुण्यांना कूपन मिळतं म्हणे, आपण विचारू या.'

दुसऱ्या संवादात हुशारी काही नाही. विचारणारीनं परभणी हे नाव नुसतं ऐकून सोडून दिलं नाही, तिथून इथवरचा रस्ता मनात आणला. रस्त्यावरून रात्र आली, रात्रीवरून सामान, सामानावरून वडील, आणि वडिलांवरून दोघींना मिळून करायचं एक छोटं काम. मेसच्या खिडकीपर्यंत दोघी सोबत जातील. सोबत केलेल्या छोट्या कामानं ओळख जेवढी पुढं जाते, तेवढी 'तुझी हॉबी काय' या प्रश्नानं जात नाही. बुजऱ्या मुलांना तर हे फार सोयीचं आहे. काम हातात असलं की सतत बोलत राहावं लागत नाही, आणि मधली शांतताही अवघडल्यासारखी वाटत नाही.

भाषेची अडचण इथं सोडवता येते. परभणीची, अकोल्याची, धुळ्याची, सावंतवाडीची मुलं पुण्या-मुंबईच्या वर्गात आली की आपली बोली दाबून बोलतात, आणि दाबून बोलताना कमी बोलतात. 'मी जाऊन राहिलो' म्हणणाऱ्या विदर्भातल्या मुलाची पहिल्याच दिवशी कुणी नक्कल केली, तर तो पुढचे कित्येक दिवस 'हो', 'नाही' यापलीकडे जात नाही. नक्कल करणाऱ्याला ती थट्टा वाटते. शिक्षकांनी ती तिथल्या तिथं थांबवावी, आणि ओळखीच्या गोलात स्वतः ज्या भागातले आहेत त्या बोलीत दोन वाक्यं बोलून मोकळं व्हावं.

दुसरा प्रश्न जसा दार उघडतो तसा एक प्रश्न दार लावतो. तो म्हणजे 'पर्सेंटाइल किती?' किंवा 'कोणत्या राउंडला लागलं?'. पहिल्या आठवड्यात हा प्रश्न विचारायला सगळ्यात सोपा वाटतो, कारण सगळ्यांचा एमएचटी-सीईटीचा हंगाम नुकताच संपलेला असतो. पण या प्रश्नाचं उत्तर कॉलेजच्या प्रवेशयादीशी लावून पाहिलं की समोरचा कोणत्या प्रवर्गातून आला हे कळतं, आणि विचारणाऱ्याच्या मनात ते नसलं तरी ऐकणाऱ्याच्या मनात ते असतंच. आडनाव विचारण्याचंही तसंच. आपल्याकडं आडनावावरून गाव, जात, घराणं असे अंदाज बांधायची सवय आहे आणि ज्यांच्या वाट्याला त्या अंदाजाचे चटके आलेत ते आडनाव सांगतानाच आवाज खाली आणतात. आयआयटी मुंबईनं 2023 मध्ये भेदभाव रोखण्यासाठी विद्यार्थ्यांना दिलेल्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं, की दुसऱ्या विद्यार्थ्याला त्याची जेईईची रँक, गेटचे गुण किंवा ज्यातून जात कळेल अशी कोणतीही माहिती विचारणं अनुचित आहे. तिथले विद्यार्थी सहज गप्पांत रँक विचारत, आणि त्या सहजपणातच काहींचा पहिला आठवडा करपत असे. हा नियम इतर कॉलेजांनी पहिल्या दिवशीच्या भाषणात घ्यावा असा आहे. म्हणूनच नावांच्या साखळीत पहिलं नाव पुरेसं आहे.

सीनिअर मुलं जी 'इंट्रो' घेतात, ती या सगळ्याच्या उलट्या टोकाला असते. तिथंही नाव, गाव, मार्क विचारतात, पण उभं करून, मान खाली घालायला लावून, चुकलं की पुन्हा म्हणायला लावून. चांगले सीनिअर स्वतःला दादा, ताई म्हणवून घेतात आणि मेसची वेळ, झेरॉक्सचं स्वस्त दुकान, कोणत्या प्रॅक्टिकलला ॲप्रन लागतो हे सांगतात. जे 'सर' म्हणायची सक्ती करतात त्यांच्याजवळ ओळखीसाठी थांबायचं कारण नाही. महाराष्ट्रात 1999 चा रॅगिंगविरोधी कायदा आहे, त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची चोवीस तास चालणारी मदतवाहिनी 1800-180-5522 या क्रमांकावर आहे. तो क्रमांक आई-वडिलांच्या मोबाइलमध्येही साठवून ठेवावा.

सगळं नीट झालं तरी रात्री होस्टेलच्या कॉटवर पडल्यावर एक विचार येतोच. मी फार बोललो का? तिला मी कंटाळवाणी वाटले असेन का? एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनोळखी माणसांच्या जोड्यांना थोडा वेळ बोलायला लावलं. नंतर प्रत्येकाला दोन गोष्टी विचारल्या: तुला समोरचा किती आवडला, आणि त्याला तू किती आवडलास असं तुला वाटतं? जवळजवळ सगळीकडे दुसरा आकडा कमी निघाला. म्हणजे माणसं समोरच्याला जेवढी खरोखर आवडली होती, त्याहून कमी आवडलो असं त्यांना वाटत होतं. याच अभ्यासात येल विद्यापीठात एकत्र राहणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलांना वर्षभर अधूनमधून हेच विचारलं. हा गैरसमज कित्येक महिने तसाच राहिला आणि वर्ष संपता संपता निवळला. मी हे मुलांना सांगतो तेव्हा त्याचा एक उपयोग दिसतो. रात्री आपल्याला जे वाटतं त्यातलं काही प्रत्येकाच्याच मनात असतं, खोलीतल्या समोरच्या कॉटवरच्या मुलाच्याही. त्यामुळे दुसऱ्या दिवशी 'तो काल नाइलाजानं बोलला असेल' असं धरून त्याला टाळू नये, एवढं पुरतं.

पहिल्या आठवड्याकडून अपेक्षा किती ठेवायची, यालाही एक माप आहे. कॅन्सास विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये नव्या गावात आलेल्या प्रौढांची आणि कॉलेजात नव्यानं आलेल्या मुलांची पाहणी मांडली. नुसत्या ओळखीपासून साध्या मैत्रीपर्यंत यायला सोबतीचे साधारण पन्नास तास लागतात, मित्र म्हणावं अशा नात्याला नव्वदच्या आसपास, आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त. वर्गात किंवा कामावर सक्तीनं सोबत काढलेल्या तासांचा त्यात फारसा वाटा दिसला नाही. खाणं, फिरणं, निवांत गप्पा यांचा दिसला. हे आकडे अमेरिकेतल्या मुलांचे आहेत, आपल्याकडं ते थोडे इकडंतिकडं होतील. तरी हिशेब करून पाहा. रोज कॅन्टीनचा एक तास आणि जाता-येता बसमधला अर्धा, म्हणजे आठवड्याच्या पाच दिवसांत साडेसात तास. पन्नास गाठायला सात आठवडे लागतात. होस्टेलवरच्या मुलांचे तास भराभर भरतात, रोज लोकलनं किंवा एसटीनं येऊन-जाऊन करणाऱ्यांचे सावकाश. म्हणून अप-डाउन करणारी मुलं पहिल्या महिन्यात मागं पडल्यासारखी दिसतात. त्यांच्यासाठी दुपारच्या जेवणाची वेळ राखून ठेवणं फार महत्त्वाचं, तीच वेळ त्यांच्या हातात असते.

शेवटी राहतात ती उशिरा येणारी मुलं. केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेत एकामागून एक फेऱ्या होतात, त्यानंतर संस्थास्तरावरचे प्रवेश होतात. पहिल्या फेरीतला वर्ग सुरू झालेला असतो, तेव्हा शेवटच्या फेरीतली काही मुलं अजून कागदपत्रं पडताळत असतात. ती वर्गात येतात तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुप बनलेला असतो, टोपणनावं पडलेली असतात, बाक वाटले गेलेले असतात, आणि रिकामा असतो तो शेवटचा. प्रवेशोत्तर कार्यक्रमात मला सर्वांत जास्त चिंता यांची वाटते, कारण त्यांच्यासाठी पुन्हा कुणी गोल करून बसत नाही.

हे टाळता येतं आणि त्याला फार वेळ लागत नाही. नवीन मुलगी आली की त्याच दिवशी तिच्या बॅचच्या दहा जणांनी उलटी साखळी करावी, आणि तिला त्यात पाचवी बसवावी. पाचव्या जागी बसलं की तिला चारच नावं सांगावी लागतात, आणि तिचं नाव मात्र तिच्यानंतरचे सगळे घेतात. सुरुवातीची साखळी सगळ्यांनी केलेली असल्यामुळे त्यांना फक्त एकच नाव नवीन असतं, तिला सगळीच. म्हणून दुसऱ्या दिवशी तोच गोल पुन्हा करावा, पण या वेळी तिला शेवटची बसवावी आणि अडेल तिथं ज्याचं त्यानं नाव सांगावं. जागेच्या चिठ्ठ्या आठवड्यानंतर बंद झालेल्या असल्या तरी तिच्यापुरत्या दोन दिवस पुन्हा काढाव्यात. सगळ्या वर्गाच्या काढायची गरज नाही, मधल्या दोन रांगांच्या काढल्या तरी पुरे.